वाढीव मजल्यासाठी स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी सर्टिफिकेट: इंजिनिअर कशाची हमी देतो आणि कशाची नाही

तळमजला आणि पहिला मजला असलेल्या जुन्या घरावर दुसरा मजला चढवायचा असेल, तर बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते. बहुतेक वेळा हा कागद एका वाक्यात उरकलेला असतो: ‘मी सदर इमारतीची पाहणी केली असून ती वाढीव मजल्याचा भार घेण्यास सक्षम आहे.’ या वाक्यात तीन वेगवेगळी विधाने आहेत. जुने बांधकाम आज कसे आहे हे त्यातले पहिले. अजून न बांधलेला मजला कसा असेल हे दुसरे. आणि फुटिंगखालची, म्हणजे कॉलमच्या पायाखालची, जमीन दोन्ही मिळून होणारा भार पेलेल हे तिसरे, जे तिथे लिहिलेलेही नाही. तिन्हींचे पुरावे वेगळे, जबाबदारीही वेगळी. एका वाक्यात कोंबली की कशाची खात्री केली आणि काय गृहीत धरले, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून हा लेख याच एका प्रकरणाबद्दल आहे: महाराष्ट्रातल्या, भूकंप क्षेत्र ३ मधल्या गावात किंवा शहरात, आरसीसी फ्रेमच्या घरावर एक मजला वाढवण्याचा अर्ज. नवी इमारत बांधताना प्रमाणपत्र तुलनेने सोपे असते, कारण सगळे काही नकाशावरूनच उभे राहणार असते. जुन्यावर नवे चढवताना मात्र प्रमाणपत्राचा प्रत्येक शब्द कसाला लागतो.

आधी हे कोणते प्रमाणपत्र आहे ते ठरवा

सारख्या नावाचे चार कागद चलनात आहेत आणि त्यांची सरमिसळ नेहमी होते. पहिला कागद परवानगीच्या अर्जासोबतचा. तो डिझाइनबद्दल बोलतो: या नकाशांप्रमाणे, या साहित्यात बांधले तर रचना सुरक्षित राहील. दुसरा कागद म्हणजे देखरेखीची जबाबदारी स्वीकारल्याचे पत्र. तिसरा काम पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्रासाठी लागतो, आणि तो प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या बांधकामाबद्दल असतो. चौथा ३० वर्षांहून जुन्या इमारतींचा स्थैर्य दाखला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ मध्ये आणि मुंबईसाठी तिथल्या अधिनियमाच्या कलम ३५३ब मध्ये त्याची तरतूद आहे. तो दाखला आजच्या वापरासाठी आजची इमारत ठीक आहे का, एवढेच सांगतो. वाढीव मजल्याच्या अर्जाला तो जोडणारे मालक असतात, पण वाढीव भाराबद्दल त्यात अक्षरही नसते. तेव्हा तिथे त्याचा उपयोग नाही.

मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे आणि अर्जाचे नमुने तिच्या परिशिष्टांत दिलेले आहेत. ज्या कार्यालयात अर्ज जाणार, तिथला चालू नमुना आधी हातात घ्या. छापील नमुन्यातली वाक्ये बदलता येत नाहीत. मात्र त्यात ‘सोबतचे परिशिष्ट या प्रमाणपत्राचा अविभाज्य भाग आहे’ ही ओळ घालून स्वतःचे तपशीलवार परिशिष्ट जोडता येते. नेमकेपणा सगळा त्या परिशिष्टात येतो. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याचा परवाना किंवा नोंदणी त्या कार्यालयात ग्राह्य आहे का, आणि त्याची मुदत अर्जाच्या तारखेला चालू आहे का, हे त्याच वेळी बघून घ्यावे.

पाहणी: काय उघडून बघायचे

जुन्या भागाबद्दल जे लिहायचे, ते तीन गोष्टींवर उभे असते: मूळ स्ट्रक्चरल नकाशे, प्रत्यक्ष मापे आणि चाचण्या. मूळ नकाशे मिळाले तर काम हलके होते, पण नकाशा म्हणजे पुरावा नव्हे. जागेवर कॉलम तेवढ्याच मापाचे आहेत का, सळया तितक्याच आहेत का, हे काँक्रीटमधल्या सळया शोधणारे कव्हर मीटर लावून आणि काही ठिकाणी गिलावा व कव्हर काढून बघावेच लागते. नकाशे नसतील तर सगळे मोजूनच काढावे लागेल, आणि उघडून बघण्याच्या जागाही वाढतील.

काँक्रीटसाठी पृष्ठभागावर ठोकून बघायची हॅमरची चाचणी सगळीकडे केली जाते, कारण ती स्वस्त आणि झटपट आहे. तिचा उपयोग एकाच इमारतीतला कुठला कॉलम दुसऱ्यापेक्षा कमजोर आहे हे शोधायला चांगला. ताकदीचा आकडा मात्र तिच्यावरून काढू नये. ती चाचणी फार तर अधिक-उणे २५ टक्क्यांच्या आत अंदाज देते, आणि जुन्या, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कार्बोनेशन होऊन कडक झालेल्या पृष्ठभागावर प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त आकडे दाखवते. म्हणजे नेमक्या ज्या इमारतींबद्दल शंका घ्यायची, तिथेच ती दिलासा देऊन जाते. आकडा हवा असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोलाकार नमुने, काढावेत, किमान तीन, आणि हॅमरने कमजोर दाखवलेल्या जागांवरून. काँक्रीटच्या आयएस ४५६:२००० या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ताकद अपेक्षित ग्रेडच्या ८५ टक्के तरी असावी लागते आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली चालत नाही. कोअर काढलेली भोके न आकसणाऱ्या ग्राउटने भरून घ्यावीत.

आणि फुटिंग. टाळाटाळ सगळ्यात जास्त इथे होते, कारण त्यासाठी घरातली फरशी फोडावी लागते किंवा अंगण खणावे लागते. वाढीव मजल्याच्या प्रकरणात किमान एक आतला आणि एक कडेचा कॉलम निवडून फुटिंगच्या तळापर्यंत खड्डा घ्यावा. फुटिंगची लांबी-रुंदी, जाडी, खोली मोजावी आणि खालची जमीन बघावी. जमिनीच्या वहनक्षमतेचा आकडा भूतांत्रिक अहवालातून यावा, त्या अहवालाचा क्रमांक व तारीख टिपून ठेवावी. फुटिंगला हात लावताना कॉलमला आधार द्यावा आणि शेजारशेजारचे दोन खड्डे एकाच वेळी उघडे ठेवू नयेत.

एका कॉलमचा हिशोब

समजा घर २२ वर्षांचे आहे. आतला एक कॉलम घेऊ: माप २३० × ३८० मिमी, सळया १२ मिमीच्या ८, रिंगा २०० मिमी अंतरावर. त्याच्या वाट्याला ४ मी. × ३.५ मी., म्हणजे १४ चौरस मीटर स्लॅब येतो. मूळ नकाशावर काँक्रीट एम२० ग्रेडचे, म्हणजे दर चौरस मिमीला २० न्यूटन ताकदीचे, लिहिले आहे. खड्ड्यात फुटिंग १.५ मी. × १.५ मी. निघाले, खाली टणक मुरूम, आणि अहवालात सुरक्षित वहनक्षमता दर चौरस मीटरला २०० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ २० टन.

मजल्याचा भार काढू. स्लॅब १२५ मिमी जाडीचा, त्यावर फरशी धरून स्थिर भार दर चौरस मीटरला सुमारे ४.१ किलोन्यूटन, म्हणजे १४ चौरस मीटरचे ५८. बीमचे १४, अर्ध्या विटेच्या भिंती गिलाव्यासह ५५, कॉलमचे स्वतःचे ७. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ भाग २ प्रमाणे माणसे-सामानाचा चल भार २ किलोन्यूटन दर चौरस मीटर, म्हणजे २८. एका मजल्याचे झाले १६२ किलोन्यूटन. गच्चीला भिंती नाहीत पण विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे आणि चल भार १.५ धरायचा, म्हणून तिथून येतात १०७. तळमजल्याच्या भिंती, प्लिंथ बीम आणि कॉलमचा खालचा भाग मिळून ८२.

आज फुटिंगवर येणारा भार १०७ अधिक १६२ अधिक ८२, म्हणजे ३५१ किलोन्यूटन. फुटिंगचे आणि त्यावरच्या मातीचे १० टक्के वाढवले तर ३८६. फुटिंगच्या २.२५ चौरस मीटरला भागले की जमिनीवरचा दाब १७२ येतो. २०० च्या आत आहे, आणि घर २२ वर्षे बिनतक्रार उभे का आहे हे त्यातून कळते.

आता एक मजला वाढला की भार ५१३ होतो. अनेक मजल्यांचा चल भार एकाच वेळी पूर्ण येत नाही, म्हणून गच्ची धरून तीन स्लॅब पेलणाऱ्या कॉलमसाठी चल भारात २० टक्के सूट मिळते. ती घेतली तर १५ कमी होऊन ४९८ राहतात. त्यात १० टक्के मिळवून २.२५ ने भागले की दाब होतो २४३. मर्यादा २०० ची. सूट घेऊनही फुटिंग पाचव्या हिश्शाहून जास्तने कमी पडते.

कॉलमची गोष्ट थोडी वेगळी. तीन कोअरची ताकद दर चौरस मिमीला १५.८, १७.४ आणि १४.६ न्यूटन आली असे धरू. सरासरी १५.९. एम२० साठी सरासरी १७ हवी आणि एकही १५ च्या खाली नको. दोन्ही अटी मोडल्या. म्हणजे नकाशावरचा एम२० विसरून हिशोब एम१५ धरून करायचा. तळमजल्याच्या कॉलमवर वाढीव मजल्यासह भार ४३८, सुरक्षेसाठी दीडपट केल्यावर ६५७ किलोन्यूटन. नुसत्या सरळ दाबाच्या ढोबळ सूत्राने कॉलमची क्षमता ७७१ च्या आसपास येते. किमान विकेंद्रता आणि वाकण्याचे बल अजून यात धरलेले नाही. पण अनेक प्रमाणपत्रे इथेच थांबतात: ७७१ हे ६५७ पेक्षा जास्त, म्हणून ‘सक्षम’.

भूकंपाचा प्रश्न टाळता येत नाही

भूकंपरोधक डिझाइनच्या आयएस १८९३ भाग १ या मानकामध्ये जुन्या इमारतीत भर घालण्याबद्दल स्पष्ट नियम आहे. इथे २०१६ ची आवृत्ती धरली आहे. प्रमाणपत्रात अर्जाच्या दिवशी लागू असलेली आवृत्ती वर्षासकट लिहावी. भर स्वतंत्र असेल तर तिचे डिझाइन स्वतंत्र. ती जुन्या रचनेवर अवलंबून असेल तर पूर्ण इमारत नव्या इमारतीसारखी भूकंपाच्या निकषात बसली पाहिजे. सूट एवढीच: भर स्वतः निकषात बसत असेल, जुन्या कुठल्याही घटकावरचे भूकंपाचे बल ५ टक्क्यांहून जास्त वाढत नसेल, किंवा वाढले तरी तो घटक ते निकषाप्रमाणे पेलत असेल, आणि कुठल्याही घटकाची ताकद निकषाखाली जात नसेल.

दोनाचे तीन मजले करताना इमारतीचे वजन अर्ध्याच्या आसपास वाढते आणि भूकंपाचे आडवे बलही त्याच प्रमाणात. ५ टक्क्यांची पळवाट इथे बंद आहे. मग घटक निकषाप्रमाणे पेलतात का? क्षेत्र ३ मध्ये भूकंपात टिकण्यासाठी कॉलम-बीमची मापे आणि सळया-रिंगा ठरवणाऱ्या आयएस १३९२०:२०१६ चे तपशील लागतात. त्यात कॉलमची किमान बाजू ३०० मिमी आहे, आपली २३०. सांध्याजवळ रिंगांचे अंतर जास्तीत जास्त १०० मिमी, आणि १२ मिमीच्या सळयांसाठी त्याहूनही कमी, आपल्याकडे २००. काँक्रीटही आरसीसीसाठीच्या किमान एम२० च्या खाली. या कॉलमसह ‘इमारत सध्याच्या मानकांप्रमाणे सक्षम आहे’ असे लिहिणे म्हणजे खोटे लिहिणे, मग उभ्या भाराचा हिशोब कितीही बरोबर असो.

यापुढे वाट एकच: मजबुतीकरण. तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या कॉलमना चारही बाजूंनी किमान १०० मिमीचे आरसीसी जॅकेट, म्हणजे नव्या सळया-काँक्रीटचे वेष्टण, घातले की कॉलम ४३० × ५८० होतो. जॅकेटच्या सळया स्लॅबमधून सलग वर जायला हव्यात. मजल्यागणिक तुटलेले जॅकेट उभ्या भाराला मदत करते, पण भूकंपात सांध्याशी उपयोगी पडत नाही. जॅकेटचे स्वतःचे वजनही धरावे लागते, इथे सुमारे २८ किलोन्यूटन. ते धरून आणि १० टक्के मिळवून फुटिंगचा भार ५७८ होतो. त्यासाठी २.८९ चौरस मीटर हवे, म्हणजे बरोबर १.७ मीटरचा चौरस. भूकंपात कॉलमच्या पायथ्याशी येणारे वाकण्याचे बल अजून बाकी आहे, म्हणून काठावर न थांबता १.८ मीटर घेऊ. उभ्या भाराचा दाब १७८ येतो. फुटिंगची जाडी वाढीव बाजूंच्या वाकण्याला आणि शिअरला पुरते का, तेही तपासायचे. आणि एक गोष्ट सहसा सुटते: जुन्या फुटिंगवर आधीच बसलेला भार नव्याने वाढवलेल्या कडांवर आपोआप सरकत नाही. काम करताना कॉलमवरचा भार आधार देऊन उतरवायचा, की जुन्या भागाखाली दाब तेवढा राहणार हे मान्य करून हिशोब मांडायचा, हे डिझाइनमध्ये लिहिलेले असावे.

कडेच्या कॉलमचे फुटिंग शेजाऱ्याच्या हद्दीत वाढवता येत नाही. तिथे आतल्या कॉलमशी जोडलेले एकत्रित फुटिंग किंवा दोन फुटिंगना जोडणारा स्ट्रॅप बीम करावा लागतो. बऱ्याच घरांत खर्चाचा अंदाज इथेच बदलतो, म्हणून मालकाला हे अर्जाच्या आधी सांगावे.

प्रमाणित करायचे ते शब्द

आता परिशिष्ट लिहायला घेऊ. सुरुवातीला इमारतीची ओळख पक्की करावी: सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, भूखंड क्रमांक, सध्याचे मजले, प्रस्तावित मजले, आणि प्रत्येक स्ट्रक्चरल नकाशाचा क्रमांक, सुधारणा क्रमांक व तारीख. आर्किटेक्टच्या ज्या नकाशावरून डिझाइन केले त्याचाही. त्यानंतर काय केले ते: पाहणीच्या तारखा, उघडलेल्या जागा, चाचण्या करणारी प्रयोगशाळा आणि अहवालांचे क्रमांक, भूतांत्रिक अहवालाचा क्रमांक. तिसऱ्या परिच्छेदात भार, मानके आणि साहित्य. हा भाग लांबला तरी चालेल, कारण पुढच्या प्रत्येक विधानाला आधार याचाच आहे.

मुख्य विधान मग दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहावे. पहिला जुन्याबद्दल:

‘वर नमूद केलेली पाहणी व चाचण्या यांवरून माझे मत असे आहे की तळ अधिक एक मजल्याची सध्याची रचना, आहे त्या स्थितीत, प्रस्तावित दुसऱ्या मजल्याचा भार व परिच्छेद ३ मधील भूकंपभार घेण्यास पुरेशी नाही. तिचे मजबुतीकरण आवश्यक आहे.’

हे वाक्य लिहायला अनेकांना जड जाते. अर्ज नामंजूर होईल अशी भीती असते. पण मजबुतीकरणाचे नकाशे सोबत असतील तर हेच वाक्य मालकाला, कंत्राटदाराला आणि परवानगी देणाऱ्याला कामाचा क्रम सांगते. दुसरा परिच्छेद प्रस्तावाबद्दल:

‘मी प्रमाणित करतो की नकाशा क्रमांक एस-०१ ते एस-०९, सुधारणा २, यांत दाखवलेली तळ अधिक दोन मजल्यांची रचना, त्यातील कॉलम जॅकेटिंग व फुटिंग विस्तार धरून, परिच्छेद ३ मधील भार व मानकांप्रमाणे मी डिझाइन केलेली आहे; आणि त्या नकाशांप्रमाणे, त्यात दिलेल्या ग्रेडच्या साहित्यात, सक्षम देखरेखीखाली बांधल्यास ती परिच्छेद ३ मधील भारांसाठी संरचनात्मकदृष्ट्या सुरक्षित राहील. मजबुतीकरण पूर्ण होऊन त्याची तपासणी होईपर्यंत दुसऱ्या मजल्याचे कोणतेही काम सुरू करण्यास हे प्रमाणपत्र आधार ठरत नाही.’

यातले ‘बांधल्यास’ फार महत्त्वाचे आहे. अर्जाच्या दिवशी इंजिनिअरसमोर फक्त डिझाइन असते. ‘इमारत स्थिर आहे’ हे वर्तमानकाळातले विधान न बांधलेल्या मजल्याबद्दल कोणीही करू शकत नाही. ‘शंभर टक्के सुरक्षित’, ‘कोणताही धोका नाही’, ‘कायमस्वरूपी’ असले शब्द काढून टाकावेत. मानकांतला भूकंपच मुळात ठरावीक तीव्रतेचा आणि नुकसान होईल पण कोसळू नये या अपेक्षेचा असतो. आणि ‘मी’ म्हणजे कोण हेही स्पष्ट हवे. डिझाइन दुसऱ्याचे असून आपण फक्त तपासले असेल तर ‘डिझाइन केलेली आहे’ऐवजी ‘तपासली आहे’, आणि काय तपासले तेही.

वगळायचे काय, आणि काय वगळता येत नाही

वगळणीचा परिच्छेद जपून लिहावा, कारण प्रामाणिक प्रमाणपत्रही इथे पोकळ होऊ शकते. माझी कसोटी एकच आहे: वाढीव मजल्याचा भार स्लॅबपासून बीम, कॉलम, फुटिंगमधून जमिनीत जातो. त्या वाटेवरचा कुठलाही दुवा वगळला, तर प्रमाणपत्र देण्यात अर्थ उरत नाही.

म्हणून ‘पाया व जमीन यांची तपासणी केलेली नाही, त्याची जबाबदारी मालकाची’ हे वाक्य वाढीव मजल्याच्या प्रमाणपत्रात चालत नाही. वरच्या उदाहरणात कमी पडले ते फुटिंगच होते. ही ओळ घालून दिलेल्या प्रमाणपत्राने नेमके तेच लपवले असते. तसेच ‘भूकंपभार विचारात घेतलेला नाही’, ‘काँक्रीटची ग्रेड मालकाने सांगितल्याप्रमाणे’ ही वाक्येही. खड्डा घेता आला नाही, तर परिशिष्टात एक ओळ वाढवून प्रश्न सुटत नाही. खड्डा घेईपर्यंत प्रमाणपत्र थांबवावे लागते. आणि स्वतःच्या हिशोबातल्या चुकीची जबाबदारी कुठल्याही शब्दांनी वगळता येत नाही.

वगळणे योग्य असते ते दुसऱ्याच्या हातातल्या किंवा न पाहिलेल्या, पण निश्चित नाव घेता येणाऱ्या गोष्टींचे. ‘लपलेले दोष वगळून’ असे सरसकट लिहू नये. त्याऐवजी:

‘एकूण १२ कॉलमपैकी सी३, सी५, सी८ व सी११ येथे सळया उघडून पाहिल्या; सी५ व सी११ ची फुटिंग खड्डा घेऊन मोजली. उरलेल्या घटकांची मापे बाहेरून घेतली असून त्यांचे लोखंड मूळ नकाशा व कव्हर मीटरच्या नोंदींवरून धरले आहे. मजबुतीकरणाच्या वेळी उघडल्यावर प्रत्येक फुटिंग व कॉलम मला दाखवावा. प्रत्यक्ष स्थिती नकाशा एस-०१ पेक्षा वेगळी आढळल्यास सुधारित नकाशा मिळेपर्यंत त्या ठिकाणचे काम थांबवावे.’

यात मर्यादा सांगितली आहे आणि ती कधी, कशी भरून काढायची तेही.

जमिनीच्या वहनक्षमतेचा आकडा भूतांत्रिक अहवालाचा आहे. त्याच्या अचूकतेची जबाबदारी तो अहवाल देणाऱ्याची, पण तो आकडा डिझाइनमध्ये बरोबर वापरण्याची जबाबदारी आपली. असे विभागून लिहावे. कामाचा दर्जा आणि रोजची देखरेख या प्रमाणपत्रात येत नाही. देखरेख आपणच स्वीकारली असेल तर तिचे पत्र वेगळे आहे, असा उल्लेख करावा. गळती, ओल, गिलाव्याच्या भेगा, विद्युत आणि नळजोडणी, अग्निसुरक्षा, जागेची मालकी, चटई क्षेत्र आणि सामासिक अंतरे यांवर स्ट्रक्चरल इंजिनिअर मत देत नाही, हे एका ओळीत पुरे. गळतीबाबत मात्र जोडावे की तिच्यामुळे सळया गंजलेल्या दिसल्या असतील तर तो भाग संरचनात्मक मानून तपासला आहे.

नंतरच्या बदलांबद्दल मोघम न लिहिता घरात हमखास होणारे बदल नावाने लिहावेत. नकाशात दाखवलेल्याहून मोठी पाण्याची टाकी, गच्चीवरची बाग, मोबाइल टॉवर, स्लॅबवर नवी जाड भिंत, पार्किंगसाठी तळमजल्याच्या भिंती काढणे, नळासाठी बीम फोडणे. यातले काहीही केल्यास प्रमाणपत्र त्या बदलांना लागू नाही. टाकीचा आकडा जरूर द्यावा: ‘गच्चीवर एकूण २,००० लिटर, फक्त नकाशात दाखवलेल्या जागी’. नुसते पाणीच त्यात २० किलोन्यूटनच्या आसपास होते. शेजारच्या भूखंडावर आपल्या फुटिंगपेक्षा खोल खोदाई झाल्यास पुन्हा तपासणी करावी, हेही इथेच.

सही करण्यापूर्वी आणि सहीनंतर

सहीच्या आधी परिशिष्टातले नकाशा क्रमांक आणि अर्जासोबत प्रत्यक्ष जाणारे नकाशे शेजारी ठेवून जुळवावेत. छाननीत आर्किटेक्टच्या नकाशात जिना हलतो, बाल्कनी वाढते, आणि जुने प्रमाणपत्र तसेच पुढे जाते. सुधारणा क्रमांक लिहिलेला असेल तर ही विसंगती लगेच दिसते. प्रत्येक पानावर सही आणि पान क्रमांक घालावा, म्हणजे छापील नमुना ठेवून परिशिष्ट गळण्याची शक्यता राहत नाही.

मालकाने प्रमाणपत्र हातात पडल्यावर तीन गोष्टी शोधाव्यात: फुटिंगचे मोजलेले माप, कोअरचे आकडे आणि वापरलेल्या भूकंपाच्या मानकाचे वर्ष. यातली एखादी जरी सापडली नाही तरी विचारावे. ‘अनुभवावरून सांगतो’ हे उत्तर त्या जागी पुरेसे नाही.

परवानगीनंतर काम लांबले तर चाचण्यांची तारीख जुनी होते. मधल्या काळात पावसाळे गेले असतील, गंज वाढलेला दिसत असेल किंवा घराचा वापर बदलला असेल, तर काम सुरू होण्याआधी इंजिनिअरने पुन्हा पाहणी करून तारखेसह पुरवणी पत्र द्यावे. ही अट परिशिष्टातच घालून ठेवावी. जॅकेटिंग आणि फुटिंग झाकण्यापूर्वीच्या तपासणीच्या नोंदी, काँक्रीटच्या क्यूब चाचणीचे अहवाल आणि छायाचित्रे एका फाइलमध्ये जपावीत. भोगवट्याच्या वेळचे प्रमाणपत्र बांधून झालेल्या रचनेबद्दल असते, आणि ते देणाऱ्याला जमिनीखाली गेलेले फुटिंग पुन्हा बघता येणार नसते.